‘ब्लास्ट १८ टक्के’: एका कबड्डीपटूच्या रक्ताची स्लाइड

मुलाचा मामा फाइल घेऊन आत आला तेव्हा मी दिवसभराच्या स्लाइड आवरत होते. फाइलमध्ये वरच आदल्या रात्रीचा रिपोर्ट होता, दुसऱ्या एका लॅबमधला. एकूण पांढऱ्या पेशी १८,४००. त्याखाली ठळक अक्षरांत शेरा: ‘ब्लास्ट १८ टक्के. अक्यूट ल्युकेमियाची शक्यता. पुढील तपासणीसाठी मोठ्या केंद्रात न्यावे.’ ब्लास्ट म्हणजे रक्तपेशीचं कोवळं, अपरिपक्व रूप; ते रक्तात दिसलं की ल्युकेमियाची, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाची शंका येते. मामाने रात्रीच्या गाडीची तिकिटं काढून ठेवली होती, परळला टाटात जायचं ठरलं होतं. गाडीला पाच तास होते आणि तेवढ्यात कुणीतरी त्यांना म्हणालं होतं, की जाण्याआधी स्लाइड एकदा दाखवून घ्या.

मुलगा १७ वर्षांचा, अकरावीला, वसतिगृहात राहणारा, जिल्हा संघात कबड्डी खेळणारा. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.) ताप नऊ दिवसांचा. तिसऱ्या दिवशी घशात पांढरा थर दिसला म्हणून गावच्या डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन सुरू केलं. ताप उतरला नाही, उलट सातव्या-आठव्या दिवशी छाती-पाठीवर लालसर पुरळ उठलं. मानेत दोन्ही बाजूंना, विशेषतः मागच्या बाजूला, गाठी. पापण्या सुजलेल्या. आईच्या दृष्टीने सगळं जुळत होतं: ताप, गाठी, अंगावर लाल डाग आणि आता ‘ब्लास्ट’.

मी पहिल्यांदा त्याचं पुरळ पाहिलं, स्लाइड नंतर. काचेची स्वच्छ स्लाइड पुरळावर दाबली तर डाग फिके पडत होते. प्लेटलेट कमी झाल्यामुळे त्वचेखाली रक्त साकळतं तेव्हा येणारे ठिपके दाबल्यावर जात नाहीत. हे पुरळ औषधाचं होतं. ईबीव्हीचा, म्हणजे एप्स्टाइन-बार विषाणूचा संसर्ग असताना अमॉक्सिसिलिन किंवा अँपिसिलिन दिलं की असं पुरळ येतं, हे डॉक्टर मंडळींना माहीत असतं, पण आठवायला नऊ दिवस लागतात. ही बहुतेकदा पेनिसिलिनची कायमची अ‍ॅलर्जी नसते, तरी फाइलवर ‘पेनिसिलिन चालत नाही’ असा शिक्का बसतो आणि पुढे वर्षानुवर्षं तसाच राहतो.

जुनी स्लाइड आणि नवी स्लाइड

मामांनी आधीच्या लॅबची स्लाइडही आणली होती. ती पाहताच मला त्या तंत्रज्ञाचा राग आला नाही, कारण ती स्लाइड कुणालाही फसवेल अशी होती. रक्ताची बाटली दुपारी तालुक्याहून निघाली होती आणि काचेवर रक्ताचा पातळ थर, म्हणजे स्मिअर, रात्री ओढला होता. रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए घातलेल्या बाटलीत ते पाच-सहा तास पडून राहिलं की लिम्फोसाइटच्या केंद्रकाला खाचा पडतात, पेशीद्रवात पोकळ्या दिसू लागतात, न्यूट्रोफिलही फुगतात. त्यावर रंगही जास्त चढला होता. लिशमनचा रंग दोन मिनिटं, मग दुप्पट बफर पाणी घालून सात ते दहा मिनिटं, बफरचा पीएच ६.८ हे सगळ्यांना पाठ असतं, पण बफर संपला की नळाचं पाणी वापरलं जातं आणि सगळंच निळं होतं. केंद्रकातल्या क्रोमॅटिनचा पोत दिसत नाही, फक्त गडद गोळा दिसतो. पोत दिसेनासा झाला की पेशी ब्लास्ट आहे की नाही हे ठरवायचा मुख्य आधारच हातातून जातो.

मी ताजं रक्त घेतलं, तिथल्या तिथे दोन स्मिअर ओढले आणि बाटली मशीनवर लावली. स्क्रीनवर दोन ओळी आल्या, `Blasts/Abn Lympho?` आणि `Atypical Lympho?`. आमची तंत्रज्ञ म्हणाली, ‘मॅडम, हेही ब्लास्टच म्हणतंय.’ मी म्हटलं, ‘ते म्हणत नाही गं, विचारतंय. पुढचं प्रश्नचिन्ह बघ.’ मशीनने मोनोसाइट १९ टक्के मोजले होते. मशीन पेशीचा आकार, तिच्या आतली गुंतागुंत आणि तिच्यावर किती रंग चढतो एवढंच पाहतं. फुगलेला लिम्फोसाइट त्याला मोनोसाइटसारखा वाटतो. गंमत अशी, की ईबीव्हीच्या या आजाराचं नावच या गोंधळातून पडलं आहे. १९२० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या स्प्रंट आणि इव्हान्स यांनी ‘संसर्गजन्य मोनोन्यूक्लिओसिस’ हे नाव वापरलं, म्हणजे एककेंद्रकी पेशी वाढवणारा संसर्ग. त्याआधी अशा काही रुग्णांचं निदान अक्यूट ल्युकेमिया असं झालं होतं आणि ते ‘आपोआप बरे’ झाल्याच्या नोंदी डॉक्टरांनी आश्चर्याने लिहून ठेवल्या आहेत. १९२३ मध्ये डाउनी आणि मॅकिनले यांनी या पेशींची वर्गवारी केली ती नेमकी अक्यूट ल्युकेमियाशी तुलना करण्यासाठी. म्हणजे मामांच्या फाइलमधला प्रश्न शंभर वर्षं जुना आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली

ताज्या स्लाइडवर मी २०० पेशी मोजल्या. न्यूट्रोफिल २२ टक्के, नेहमीसारखे लिम्फोसाइट ३४, बदललेले लिम्फोसाइट ३८, मोनोसाइट ५, इओसिनोफिल १. हिमोग्लोबिन १३.८, प्लेटलेट १,२८,०००.

स्लाइड कुठे पाहायची हेही महत्त्वाचं आहे. स्मिअरच्या अगदी शेवटच्या पातळ कडेला पेशी पसरून चपट्या होतात, मोठ्या दिसतात, सगळ्यांचेच कोपरे वाकडे होतात. जाड भागात त्या आकसून गोल आणि गडद होतात. लाल पेशी एकमेकींना जेमतेम टेकलेल्या असतात तो मधला पट्टा खरा. तिथे पाहिलं की काय दिसतं ते आता जरा सावकाश सांगते, कारण निम्मं निदान इथेच होतं.

सगळ्यात जास्त होत्या त्या मोठ्या, ऐसपैस पेशी, लाल पेशीच्या दुपटी-अडीचपटीच्या. पेशीद्रव भरपूर, आकाशी रंगाचं, मध्यभागी फिकट. अशी पेशी जिथे लाल पेशीला टेकते तिथे तिची कड आत वळते, लाल पेशीला कवेत घेतल्यासारखी, आणि त्या कडेवर निळा रंग गडद होतो, फिकट निळ्या साडीला गडद काठ असावा तसा. केंद्रक गोल किंवा घेवड्याच्या दाण्यासारखं, बरेचदा एका बाजूला, आणि क्रोमॅटिन जाडसर, पट्ट्यापट्ट्यांचं. ही डाउनीची दुसऱ्या प्रकारची पेशी. काही पेशी लहान, केंद्रकाला खाच, पेशीद्रव गडद आणि किंचित फेसाळ. तो पहिला प्रकार. आणि शंभरात चार-पाच अशा होत्या, की त्यांच्यापाशी माझाही हात थांबला. मोठ्या, गोल, पेशीद्रव शाईसारखं निळं, क्रोमॅटिन बारीक आणि केंद्रकात एक-दोन स्पष्ट न्यूक्लिओलस. हा तिसरा प्रकार, इम्यूनोब्लास्टच्या वळणाचा. यातली एकच पेशी फोटो काढून कुणाला पाठवली तर ब्लास्ट असंच उत्तर येईल, आणि त्याला मी चूक म्हणणार नाही.

असं का होतं हे समजलं की या पेशींची भीती कमी होते. ईबीव्ही हा विषाणू बी लिम्फोसाइटमध्ये शिरतो. आपण स्लाइडवर पाहतो त्या बदललेल्या पेशी मात्र बहुतांशी त्या संसर्ग झालेल्या बी पेशी नसतातच. त्या असतात बी पेशींवर चालून आलेल्या टी पेशी, मुख्यतः सीडी८ जातीच्या. चेतवली गेलेली टी पेशी मोठी होते, विभाजनाच्या तयारीला लागते, भराभर प्रथिनं बनवू लागते. प्रथिनं बनवायला आरएनए लागतं आणि आरएनए लिशमनच्या रंगात निळं दिसतं. न्यूक्लिओलस ठळक होतो कारण त्या कारखान्याची जुळवाजुळव तिथे होते. ल्युकेमियातली ब्लास्टही विभाजनाच्या तयारीतलीच पेशी असते. म्हणून दोघींचा चेहरा काही ठिकाणी जुळतो. फरक इतकाच, की एक बोलावल्यामुळे आली आहे आणि काम झालं की जाणार आहे, दुसरीला कुणी बोलावलेलं नाही.

मग एकेका पेशीकडे पाहून निकाल लागणार नसेल, तर कशाकडे पाहायचं? माझ्या मते आधी गर्दीकडे. या मुलाच्या स्लाइडवर जत्रा होती: लहान, मोठ्या, फिकट, गडद, खाच असलेल्या, नसलेल्या, मधल्या सगळ्या पायऱ्यांच्या पेशी. साध्या लिम्फोसाइटपासून त्या शाईच्या रंगाच्या मोठ्या पेशीपर्यंत एकीकडून दुसरीकडे चालत जाता येत होतं. अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात सहसा असं होत नाही. तिथे गणवेश घातलेली रांग दिसते. पेशी साधारण एका मापाच्या, पेशीद्रव नखाएवढं, केंद्रकाभोवती जेमतेम एक निळी रेघ, क्रोमॅटिन वस्त्रगाळ पिठासारखं एकसंध. मधल्या पायऱ्या नसतात: एका बाजूला थोडे शिल्लक राहिलेले साधे लिम्फोसाइट, दुसऱ्या बाजूला ब्लास्ट, आणि मध्ये मोकळी जागा.

हा नियम कुठे मोडतो हेही सांगायला हवं. काही ल्युकेमियांत ब्लास्ट लहान-मोठ्या, खाचाखुचांच्या, जास्त पेशीद्रवाच्या असतात. बर्किट जातीच्या पेशी तर गडद निळ्या, पोकळ्यांनी भरलेल्या असतात आणि डाउनीच्या तिसऱ्या प्रकाराशेजारी ठेवल्या तर जुळ्या वाटतील. दोन्हींत विषाणूचाही एक धागा आहे. ईबीव्ही पहिल्यांदा सापडला तो आफ्रिकेतल्या बर्किट लिम्फोमाच्याच पेशींत, १९६४ मध्ये, एप्स्टाइन, अचाँग आणि बार यांना. तोच विषाणू या घशाच्या तापाचं कारण आहे हे चार वर्षांनी फिलाडेल्फियात हेन्ले दांपत्याला कळलं, तेही त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या एका तंत्रज्ञ मुलीला हा आजार झाला आणि तिच्या रक्तात आधी नसलेली प्रतिपिंडं दिसू लागली तेव्हा.

म्हणून दुसरा आधार लागतो तो उरलेल्या रक्ताचा. ल्युकेमियाची पेशी अस्थिमज्जेत जागा अडवते, त्यामुळे तिथे तयार होणारं बाकी सगळं घटतं. या मुलाचे न्यूट्रोफिल २२ टक्के म्हणजे कमी वाटतात, पण १८,४०० चे २२ टक्के म्हणजे चार हजारांवर. टक्केवारी पाहून इथे फार लोक फसतात. आधी आकड्यात गुणून घ्यावं. हिमोग्लोबिन ठीक. प्लेटलेट किंचित कमी, पण मोनोन्यूक्लिओसिसमध्ये एवढं कमी होणं नेहमीचं आहे. स्लाइडवर केंद्रक असलेल्या लाल पेशी किंवा अश्रूच्या आकाराच्या लाल पेशी मी मुद्दाम शोधल्या, नव्हत्या.

मामांना मी सांगितलं, की मला हा ल्युकेमिया वाटत नाही, आज रात्रीची गाडी सोडली तरी चालेल, पण उद्या सकाळी काही तपासण्या करून पक्कं करू. ते म्हणाले, ‘मॅडम, वाटत नाही की नाहीये?’ मी म्हटलं, ‘वाटत नाही. नाहीये हे परवा सांगते.’ त्यांना ते आवडलं नाही. तिकिटं त्यांनी रद्द केली नाहीत, दोन दिवस पुढे ढकलली.

पुढचे दोन दिवस

मोनोस्पॉट तपासणी निगेटिव्ह आली. मामांचा चेहरा उतरला, पण ही तपासणी शोधते ती विषाणूला नव्हे, तर एका वेगळ्याच, प्राण्यांच्या लाल पेशींना चिकटणाऱ्या प्रतिपिंडाला. पॉल आणि बनेल यांना १९३२ मध्ये ती मेंढीच्या पेशींवर सापडली. आजाराच्या पहिल्या आठवड्यात साधारण चारांतल्या एका रुग्णात ती दिसत नाही आणि लहान मुलांत तर भरवशाचीच नाही. म्हणून ईबीव्हीची थेट प्रतिपिंडं पाठवली. व्हीसीए आयजीएम पॉझिटिव्ह, व्हीसीए आयजीजी पॉझिटिव्ह, ईबीएनए निगेटिव्ह. ईबीएनएची प्रतिपिंडं संसर्गानंतर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी उगवतात. ती नसताना पहिली दोन असणं म्हणजे संसर्ग ताजा आहे.

यकृताची एंझाइम वाढलेली होती, एएलटी १६४, कावीळ नव्हती. हा त्याच आजाराचा भाग, बहुतेक रुग्णांत थोडंफार वाढतं. एलडीएच ६१२ आलं आणि ते पाहून फिजिशियन पुन्हा विचारात पडले. एलडीएचवर मी फार विसंबत नाही. पेशी भराभर बनत आणि मरत असल्या की ते वाढतं, मग त्या कुठल्याही असोत. सोनोग्राफीत प्लीहा १४.२ सेंटिमीटर, म्हणजे सुजलेली.

दिवस पावसाळ्याच्या शेवटचे होते, तेव्हा डेंग्यूही पाहिला. आमच्याकडे ऑगस्ट ते ऑक्टोबर बदललेले लिम्फोसाइट दिसले की डोक्यात आधी डेंग्यूच येतो, आणि बरोबरच येतो. डेंग्यूतल्या या पेशी बहुधा मध्यम मापाच्या, गडद निळ्या, केंद्रक कडेला ढकललेलं, प्लाझ्मा पेशीच्या वळणाच्या असतात. पण एकूण पांढऱ्या पेशी सुरुवातीला कमी असतात, प्लेटलेट वेगाने पडतात आणि घशात असा थर नि मानेत अशा गाठी सहसा नसतात. नुसत्या पेशीच्या रूपावरून डेंग्यू की ईबीव्ही असं मी कधी लिहीत नाही, ते जमत नाही. सीएमव्ही या दुसऱ्या विषाणूच्या तापातही अशाच पेशी येतात, फक्त घसा बराच शांत असतो. आणि एक तपासणी लोक विसरतात किंवा टाळतात: नव्याने झालेला एचआयव्हीचा संसर्ग हुबेहूब मोनोन्यूक्लिओसिससारखा, आमच्या भाषेत ‘मोनो’सारखा दिसू शकतो. त्यासाठी पी२४ अँटिजनही पाहणारी चौथ्या पिढीची तपासणी लागते, कारण इतक्या लवकर नुसती प्रतिपिंडं मिळत नाहीत. आईला बाहेर बसवून मुलाशी बोललो, त्याने होकार दिला, तपासणी निगेटिव्ह आली.

इथे प्रकरण संपायला हवं होतं. पण फिजिशियननी, पहिला रिपोर्ट समोर असल्यामुळे, फ्लो सायटोमेट्रीलाही नमुना पाठवला होता. त्यांच्या जागी मीही कदाचित पाठवला असता. फ्लोमध्ये पेशींवरच्या खुणा रंगीत प्रतिपिंडांनी ओळखतात. रिपोर्ट आला: लिम्फोसाइटमधल्या ८४ टक्के टी पेशी, त्यात सीडी८ चं प्राबल्य, सीडी४ आणि सीडी८ चं प्रमाण ०.३. सीडी३८ आणि एचएलए-डीआर ठळक. सीडी३४ आणि टीडीटी, म्हणजे अपरिपक्वतेच्या खुणा, नाहीत. इथवर सगळं मोनोचं. पण शेवटची ओळ: ‘काही टी पेशींवर सीडी७ फिकट. टी पेशींचा लिम्फोमा वगळावा.’

फिजिशियनचा फोन आला तेव्हा त्यांच्या आवाजात वैताग होता. सीडी७ नाहीसा किंवा फिकट होणं ही टी पेशींच्या कर्करोगाची एक खूण म्हणून शिकवली जाते, हे खरं. पण जोरात चेतवलेल्या सीडी८ पेशीही सीडी७ आणि सीडी५ थोडे उतरवतात, आणि मोनोन्यूक्लिओसिस हे त्याचं ठरलेलं उदाहरण आहे. मी फ्लोच्या सहकाऱ्याला फोन करून ईबीव्हीचे निकाल सांगितले. फॉर्मवर फक्त ‘अक्यूट ल्युकेमिया?’ एवढंच लिहून गेलं होतं. त्याने आलेख पुन्हा उघडले. फिकट सीडी७ असलेल्या पेशी वेगळा, घट्ट पुंजका करून बसल्या नव्हत्या. ठळकपासून फिकटपर्यंत एक शेपूट पसरली होती, म्हणजे स्लाइडवर दिसली तीच सलग पायऱ्यांची रचना. त्याने शेरा बदलला. इथून पुढे कुणी टी पेशींच्या रिसेप्टरच्या जनुकांची तपासणी करायला गेलं असतं, तर तिथेही फसगत होऊ शकली असती, कारण ईबीव्हीवर चालून आलेल्या टी पेशी मोजक्याच घराण्यांतून वाढतात आणि आलेखात कर्करोगासारखी एक-दोन उंच शिखरं दिसू शकतात. गाठ काढून तपासली असती तर आणखी वाईट. मोनोच्या गाठीत मोठे इम्यूनोब्लास्ट आणि हॉजकिन लिम्फोमातल्या रीड-स्टर्नबर्गसारख्या पेशी दिसतात, आणि चांगले चांगले पॅथॉलॉजिस्ट तिथे घसरलेत. या मुलाची गाठ कुणी काढली नाही हे त्याचं नशीब.

दुसरी स्लाइड, सहा वर्षांच्या मुलीची

हे सगळं वाचून असं वाटेल, की शंका आली की व्हायरल म्हणावं आणि घरी पाठवावं. तसं नाही, आणि ते मला चांगलंच माहीत आहे. काही वर्षांपूर्वी डेंग्यूच्या मोसमात, दिवसातल्या शंभराव्या की कितव्या स्लाइडवर मी सही केली होती: ‘अटिपिकल लिम्फोसाइट ३० टक्के, व्हायरल संसर्गाशी सुसंगत.’ मुलगी सहा वर्षांची, ताप, पाय दुखतात. पांढऱ्या पेशी ६,२००, म्हणजे चारचौघांसारख्याच. चार दिवसांनी तिच्या बालरोगतज्ज्ञांचा फोन आला: पाय इतके दुखतात की चालत नाही. स्लाइड पुन्हा काढली. त्या ३० टक्के पेशी एकाच मापाच्या होत्या, पेशीद्रव नावापुरतं, क्रोमॅटिन बारीक. न्यूट्रोफिल ८ टक्के, म्हणजे पाचशेच्याही आत. हिमोग्लोबिन ७.४, प्लेटलेट ३८,०००. तिन्ही आकडे त्याच कागदावर छापलेले होते, माझ्या सहीच्या वर. डेंग्यूचा मोसम होता म्हणून मी प्लेटलेट डेंग्यूच्या खात्यात टाकले आणि हिमोग्लोबिनकडे पाहिलंच नाही. डेंग्यूत रक्त घट्ट होतं, हिमोग्लोबिन सहसा ७ वर येत नाही. अस्थिमज्जेत अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया निघाला. त्या चार दिवसांत एकच गोष्ट बरी झाली, की तिला कुणी स्टेरॉइड दिलं नाही.

त्या स्टेरॉइडबद्दल इथेच सांगते, कारण कबड्डीपटूच्या बाबतीतही तो प्रश्न आला होता. त्याचे टॉन्सिल इतके सुजले होते की आवाज बसला होता, आणि मोनोमध्ये श्वासमार्ग अडायला लागला तर स्टेरॉइड देतात. पण लिम्फोब्लास्ट स्टेरॉइडने विरघळतात. निदान व्हायच्या आधी दोन-तीन दिवस जरी ते दिलं गेलं, तरी रक्त वरकरणी सुधारतं, ताप जातो, अस्थिमज्जेचा नमुना गोंधळाचा येतो आणि खरं निदान काही आठवडे लांबतं. म्हणून कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते, की आधी स्मिअर पाहू द्या, मग इंजेक्शन भरा. स्मिअरला वीस मिनिटं लागतात. या मुलाला शेवटी स्टेरॉइडची गरज पडली नाही.

रिपोर्टावरचा शब्द

त्या मुलीच्या रिपोर्टावर मी लिहिलेला ‘अटिपिकल’ हा शब्द आता मी वापरत नाही. तो एकाच वेळी दोन उलट अर्थांनी वाचला जातो: आमच्या क्षेत्रातले त्याला व्हायरल समजतात, घरचे आणि काही शल्यविशारद कर्करोग समजतात. २०१५ मध्ये रक्तशास्त्राच्या प्रमाणीकरणाचं काम करणाऱ्या आयसीएसएच या आंतरराष्ट्रीय मंडळाने सुचवलं, की निरुपद्रवी कारणाच्या पेशींना ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ म्हणा, आणि कर्करोगाची शंका असेल तर ‘अ‍ॅबनॉर्मल’ म्हणून पेशीचं वर्णन सोबत लिहा. पहिला शब्द लिहिताना आपण जबाबदारी घेतो, दुसरा लिहिताना वर्णन करावं लागतं. दोन्हींत आपण नक्की काय पाहिलं ते ठरवायला लागतं. त्या मुलीच्या वेळी मला वर्णन लिहायची सक्ती असती, तर ‘एकसारख्या’ हा शब्द लिहिताना तरी पेन अडखळलं असतं.

कबड्डीपटूच्या रिपोर्टावर मी लिहिलं: ‘रिअ‍ॅक्टिव्ह लिम्फोसाइट ३८ टक्के, आकार व रूप विविध. ब्लास्ट दिसल्या नाहीत. न्यूट्रोफिल व हिमोग्लोबिन अबाधित. दहा दिवसांनी स्मिअर पुन्हा पाहावा.’ शेवटचं वाक्य नुसतं सावधगिरीचं नाही, ती तपासणीच आहे. रिअ‍ॅक्टिव्ह पेशी दिवसागणिक रूप बदलतात आणि ओसरतात. ल्युकेमियाच्या पेशी औषधाशिवाय सहसा अशा ओसरत नाहीत.

एकोणिसाव्या दिवशीच्या स्लाइडवर रिअ‍ॅक्टिव्ह लिम्फोसाइट १४ टक्के होते, शाईच्या रंगाची मोठी पेशी शोधूनही एकच मिळाली. प्लेटलेट १,९६,०००. ताप गेला होता, मुलगा मात्र गळून गेलेला, दुपारी तीन-तीन तास झोपणारा. सहाव्या आठवड्यात २०० पेशींत तीनच रिअ‍ॅक्टिव्ह होते आणि तेवढे कुणाच्याही रक्तात असतात.

त्याला या सगळ्यात एकच प्रश्न होता, खेळायचं कधी. सुजलेली प्लीहा फाटण्याचा धोका पहिल्या तीन-चार आठवड्यांत जास्त असतो आणि कबड्डीत पकड होते ती नेमकी कमरेला आणि पोटाला. त्यामुळे जिल्हा निवड गेली. तो माझ्यावर रागावला होता, ल्युकेमियाचं नाव त्याच्यापर्यंत कुणी पोचूच दिलं नव्हतं. सहाव्या आठवड्यात सोनोग्राफीत प्लीहा ११ सेंटिमीटरवर आली तेव्हा मामांनी फोन करून विचारलं, ‘मॅडम, पोरगा विचारतोय, नुसती चढाई केली तर चालेल का?’ मी म्हटलं, चढाई केली की पकड होणारच ना हो. आणखी एक आठवडा धावू दे, मग मैदानात उतरू दे.